त्या गोष्टीतला षटकार काढून टाका

*मॅडम, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मोठा मुलगा साडेआठ वर्षांचा, धाकटा पाचचा. धाकट्याला स्वमग्नता आहे, दोन वर्षांपासून थेरपी चालू आहे. तो तीन-चारच शब्द बोलतो आणि दिवसभर डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवत बसतो. मोठा परवा म्हणाला, "असा भाऊ असण्यापेक्षा नसता तर बरं झालं असतं." मी रात्री जागून त्याच्यासाठी एक गोष्ट लिहिली. तिच्यात धाकटा भाऊ शेवटी क्रिकेट खेळतो, षटकार मारतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्याने ऐकली आणि म्हणाला, "पण आपला तसा नाहीये." मग कूस बदलून झोपला. माझं कुठे चुकलं? अशी गोष्ट लिहायची तरी कशी?*
*– एक आई, नाशिक*

ताई,

तुमच्या मुलाने एका वाक्यात नेमकं बोट ठेवलं आहे. गोष्ट ऐकून तो उठणार आणि सकाळी त्याला फरशीवर झाकणंच दिसणार, षटकार नाही. म्हणजे त्याच्या मनात हिशेब असा होतो: चांगल्या गोष्टीतले भाऊ नीट होतात, आमचाच होत नाही. तुम्ही त्याला आशा द्यायला गेलात आणि नकळत एक तुलना त्याच्या हातात दिलीत.

दुसरं असं की तुमच्या गोष्टीत बदलतो तो धाकटा. मोठ्याला काही करावंच लागत नाही, तो फक्त वाट बघतो. पण गोष्ट ऐकणारा मोठा आहे. वळण त्याच्या वाट्याला यायला हवं, आणि तेही साडेआठ वर्षांच्या मुलाला दुपारी घरात खरोखर करता येईल एवढंच.

आता क्रिकेटचं बघा. मोठ्याच्या डोक्यात "एकत्र खेळणं" म्हणजे क्रिकेट. पण त्या खेळात किती गोष्टी एकदम लागतात! आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, समोरचा काय करणार याचा अंदाज बांधायचा, नियम लक्षात ठेवायचे, आरडाओरडा सहन करायचा, आणि आऊट झालो की बॅट दुसऱ्याला द्यायची. तुमच्या धाकट्यासाठी यातली एकेक गोष्ट म्हणजे स्वतंत्र डोंगर आहे. कुठलंही मूल दोन-अडीच वर्षांचं असताना कसं खेळतं ते आठवा. वाळूत दोघं शेजारी बसतात, दोघांचे ढीग वेगळे, बोलणं नाही, पण एकाने वाटीने वाळू ओतली की थोड्या वेळाने दुसराही ओततो. थेरपीत याला समांतर खेळ म्हणतात. हाही एकत्र खेळणंच आहे. त्यानंतर पाळी-पाळीने खेळणं येतं. गोष्ट लिहायची ती या एका पायरीची.

लिहायच्या आधी मात्र तीन दिवस वही घेऊन धाकट्याशेजारी दहा-दहा मिनिटं बसा. काही शिकवू नका, हाक मारू नका. तो कोणतं झाकण आधी घेतो, फिरताना कुठून बघतो, झाकण पडल्यावर लगेच उचलतो की थांबतो, आणि कशाने उठून जातो, एवढंच लिहून काढा. मी हे पालकांना नेहमी सांगते आणि तिसऱ्या दिवशी बहुतेकांच्या वहीत असं काहीतरी सापडतं जे त्यांनी दोन वर्षं रोज बघितलेलं असतं, पण पाहिलेलं नसतं.

झाकणांचंच घ्या. स्टीलचं झाकण कडेवर उभं करून फिरवलं की ते आधी सरळ फिरतं, मग कलायला लागतं, आणि जसजसं खाली येतं तसतसा त्याच्या डगमगण्याचा आवाज जलद होत जातो. अगदी शेवटी तो इतका जलद होतो की सलग एकच सूर ऐकू येतो, आणि मग एकदम शांतता. दर वेळी याच क्रमाने. ज्या मुलाला घरातले निम्मे आवाज अचानक अंगावर आल्यासारखे वाटतात, त्याला हा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठाऊक असतो, आणि सुरूही तोच करतो. पालक विचारतात, "मिक्सर लावला की कान झाकतो, मग झाकणांचा खणखणाट कसा चालतो?" फरक इथेच आहे. मिक्सर दुसरा कोणीतरी लावतो.

तर मोठ्याने त्या झाकणांपाशी यायचं. पण कसं यायचं, याची एक रीत आहे आणि गोष्टीत ती रीत कृतीतून दिसायला हवी. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, हातभर अंतर सोडून. त्याचं झाकण घ्यायचं नाही, आपलं वेगळं घ्यायचं. तो करतो तेच करायचं. स्वमग्न मुलाच्या खेळाची अशी शांतपणे नक्कल केली की ते आपल्याकडे जास्त लक्ष देऊ लागतं, जवळ सरकतं, हे अभ्यासकांनी बघितलं आहे आणि आम्हीही रोज बघतो. नक्कल फक्त खेळाची करायची. तो रडतोय, चिडलाय, हात झटकतोय, त्याची नक्कल कधीच नाही, ते चिडवणं होतं.

मग थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. हेच सगळ्यात अवघड, मोठ्यांनासुद्धा. आपण तीन सेकंदांत पुन्हा "बघ ना, बघ ना" सुरू करतो, आणि त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य पोहोचायच्या आत दुसरं येऊन आदळतं. "माझ्याकडे बघ" तर म्हणायचंच नाही. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो, तेही बघणंच आहे. त्याला आपली दखल आहे हे कळतं ते बारीक खुणांवरून: हात क्षणभर थांबतो, तो आपलं झाकण पडायची वाट बघतो, कधी स्वतःचं झाकण वीतभर आपल्याकडे सरकवतो. आणि पुरे झालं हेही तो सांगतो. पाठ फिरवतो, गुणगुणणं वाढतं, कानांवर हात जातात, आपलं झाकण ढकलून देतो. तेव्हा उठायचं.

तुमच्या घरातले तपशील मला ठाऊक नाहीत, म्हणून एक गोष्ट माझ्या अंदाजाने लिहून देते. नावं मुद्दाम वेगळी घेतली आहेत. गोष्टीतल्या मुलाला आपलं नाव नसलं की ऐकणाऱ्या मुलाला त्याच्याआड बसून मोकळं वाटतं. वाचताना तुमच्या वहीतलं घाला आणि माझं काढा.

झाकण

तन्मयच्या घरी डब्यांवर झाकणं नव्हती. झाकणं होती, पण ती ओजसकडे होती.

पोह्यांच्या डब्याचं मोठं. साखरेच्या डब्याचं मधलं. हळदीच्या डब्याचं इवलंसं. ओजस झाकण कडेवर उभं करायचा, दोन बोटांनी पीळ द्यायचा आणि सोडायचा. झाकण गरगर फिरायचं. मग ओजस फरशीला गाल टेकवून आडवा व्हायचा आणि बघत राहायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

एक दिवस तन्मय बॅट-बॉल घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"ओजस, बॉल टाक."

ओजसने बॉल हातात घेतला. फरशीवर फिरवून बघितला. तो झाकणासारखा फिरला नाही. ओजसने सोडून दिला आणि बॉल घरंगळत सोफ्याखाली गेला.

"असं नाही! टाकायचा!" तन्मय ओरडला. त्याने पोह्यांच्या डब्याचं झाकण उचललं आणि पाठीमागे लपवलं. "आधी बॉल टाक, मग देतो."

ओजस किंचाळला. त्याने कान दाबून धरले आणि तो पुढे-मागे झुलायला लागला. तन्मय घाबरला. त्याने झाकण पटकन परत ठेवलं, पण ओजसला शांत व्हायला खूप वेळ लागला. आजीचा देव्हाऱ्यातला दिवा लागून झाला तरी तो हुंदके देत होता.

रात्री तन्मय आईला म्हणाला, "तो माझ्याशी मुद्दाम असं वागतो."

"मुद्दाम नाही रे. त्याला स्वमग्नता आहे. आवाज, माणसं, बोलणं, हे सगळं त्याच्या डोक्यात वेगळ्या वाटेने पोहोचतं. कधी फार जोरात पोहोचतं, कधी उशिरा."

"माझ्यामुळे झालं का ते?"

"नाही. कोणामुळेच नाही. आणि ते तुला लागणारही नाही."

"मग बरा कधी होणार तो?"

"तो ताप नाहीये उतरायला. ओजस मोठा होईल, पुष्कळ गोष्टी शिकेल. पण ओजस ओजसच असेल."

तन्मय बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला त्याचा राग येतो."

"येणारच," आई म्हणाली. "कधी कधी मलाही येतो."

तन्मयला एकदम हलकं वाटलं. का ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. मैदानाचं तळं झालं होतं. खाली कोणीच नव्हतं. तन्मय घरात इकडून तिकडे फिरला आणि शेवटी ओजसपासून दोन फरश्या सोडून बसला. तिथे चहाच्या डब्याचं झाकण एकटंच पडलं होतं. तन्मयने ते फिरवलं.

पडलं.

पुन्हा फिरवलं. पुन्हा पडलं. हे काही सोपं नव्हतं! त्याने ओजसच्या बोटांकडे बघितलं. अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, आणि टिचकी मारल्यासारखा झटका.

तिसऱ्या वेळी झाकण फिरलं. फिरलं, कललं, आणि वाजायला लागलं.

वँव... वँव.. वँव. वँववँववँव टिंग!

तन्मयने पुन्हा फिरवलं आणि या वेळी गाल फरशीला टेकवला. फरशी थंडगार होती. इथून झाकण काही वेगळंच दिसत होतं. त्याच्याखाली उजेडाची एक बारीक फट होती. ती फट झाकणाबरोबर गोल गोल धावत होती. झाकण जेवढं खाली येई, तेवढी ती जोरात पळे. आणि मग गायब!

"अरे!" तन्मय म्हणाला.

त्याने मान वळवली. ओजसचाही गाल फरशीवर होता. तो तन्मयकडे बघत नव्हता. तो तन्मयच्या झाकणाकडे बघत होता.

"बघितलंस?" असं तन्मयच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याला काल संध्याकाळ आठवली. तो गप्प राहिला आणि मनात आकडे मोजू लागला. एक, दोन, तीन, चार...

आठवर ओजसने आपलं झाकण फिरवलं.

ते थांबलं. मग तन्मयने फिरवलं. ते थांबलं. मग ओजसने. मग तन्मयने. बाहेर पाऊस पडत होता आणि घरात एक मोठं झाकण आणि एक चहाच्या डब्याचं झाकण आळीपाळीने वाजत होतं.

मग तन्मयला एक गंमत सुचली. त्याने झाकण उभं धरलं आणि सोडलंच नाही.

ओजस थांबला. त्याने झाकणाकडे बघितलं. मग तन्मयच्या बोटांकडे. मग एवढंसं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, तन्मयच्या तोंडाकडे. आणि फरशीवर हाताने थाप मारली. थप्!

तन्मयने झाकण सोडलं. ओजस हसला. पोट हलेपर्यंत हसला.

पुन्हा धरलं. थप्! सोडलं. पुन्हा धरलं. थप्! सोडलं.

आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

ओजस कान दाबून उठला आणि खिडकीच्या पडद्यामागे गेला. "अरे, आत्ता तर मजा यायला लागली होती!" तन्मय त्याला ओढून आणायला उठला. पडद्याखाली ओजसचे दोन पाय दिसत होते. बोटं घट्ट आवळलेली.

तन्मय तिथेच थांबला. हा माझ्यापासून पळालेला नाही, त्याला वाटलं. हा शिट्टीपासून पळालाय.

तो परत येऊन बसला. त्याचं झाकण अजून थोडं वाजत होतं. त्यावर त्याने अलगद तळहात ठेवला.

त्या संध्याकाळी ओजस पुन्हा खेळायला आला नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. खालून हाका आल्या, "तन्म्या! बॅट घेऊन ये!" तन्मय बॅट उचलून दाराकडे पळाला आणि मध्येच थांबला.

ओजस फरशीवर बसला होता. त्याच्यासमोर पोह्यांच्या डब्याचं झाकण होतं. आणि दोन फरश्या सोडून, जिथे कोणीच बसलेलं नव्हतं, तिथे चहाच्या डब्याचं झाकण ठेवलेलं होतं.

तन्मय गॅलरीत गेला आणि खाली वाकून ओरडला, "दहा मिनिटांत आलो रे!"

त्याने बॅट दाराला टेकवली आणि गाल फरशीला.

*

एवढीच गोष्ट. ओजस यात एक शब्दही बोलत नाही, मिठी मारत नाही, "दादा" म्हणत नाही. तसं काही घालायचा मोह तुम्हाला होईल, पण आवरा. तो दुसरं झाकण मांडून ठेवतो, हे मात्र होऊ शकतं. या मुलांना एखादा क्रम आवडला की तो तसाच्या तसा पुन्हा हवा असतो, आणि इथे त्या क्रमात भावाची जागा आली आहे. तुमच्या घरी ती खूण दुसरी असेल. वहीत जे खरंच दिसलं असेल, त्यावरच शेवट करा, मग ते कितीही लहान असो. "आपला तसा नाहीये" हे वाक्य दुसऱ्यांदा यायला नको असेल तर हाच उपाय आहे.

झाकण लपवायचा प्रसंग काढू नका. तुमच्या मोठ्याने असं काहीतरी केलेलं असणारच आणि ते तो मनात धरून बसलेला असतो. गोष्टीतला तन्मय चुकतो, घाबरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरात उठतो, हे त्याला ऐकू द्या. रात्रीचं आई-मुलाचं बोलणंही तसंच ठेवा. स्वमग्न मुलांच्या भावंडांना हेच तीन प्रश्न पडतात: माझ्यामुळे झालं का, मला होईल का, कधी बरं होणार. ती विचारत नाहीत, कारण घरात आधीच ताण आहे हे त्यांना दिसत असतं. त्या उत्तरांसाठी गोष्ट ही फार सोयीची जागा आहे. "देवाने आपल्याला खास मूल दिलंय" अशी वाक्यं मात्र नकोत. मोठा लगेच विचार करतो, मग मी कोण?

आणि क्रिकेट. तन्मय शेवटी दहा मिनिटांनी खाली जाणार आहे, हे मी जाणूनबुजून ठेवलं आहे. यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुटुंब येत असे, मुलगा सहा वर्षांचा आणि त्याची बहीण दहाची. मुलगी हुशार, समजूतदार. मी तिच्यासाठी घरी एक तक्ता लावायला दिला: रोज अर्धा तास भावाशी खेळायचं, खेळलं की बरोबरची खूण करायची. महिन्याभराने आई सांगत आली की मुलगी भावासमोर पाण्याचा पेला धरून उभी राहते आणि "आधी पाणी म्हण, मग देते" म्हणते. तिने खेळ सोडला होता आणि ती माझ्यासारखी वागायला लागली होती. भाऊ तिला बघून खोली सोडून जायचा. मी तो तक्ता परत मागून घेतला आणि मुलीची माफी मागितली. तेव्हापासून भावंडाला मी वेळ ठरवून देत नाही. दहा मिनिटं पुष्कळ झाली, आणि "आज नको" म्हणायची मुभा हवीच. थेरपी तुमचं आणि थेरपिस्टचं काम, मोठ्याचं नाही.

गोष्ट वाचून झाल्यावर "मग काय शिकलास?" असं विचारू नका. दिवा मालवा. दुसऱ्या दिवशी चहाच्या डब्याचं झाकण फरशीवर सहज दिसेल असं ठेवा आणि आपल्या कामाला लागा. कड दुमडलेली, बोटाला न कापणारी दोन झाकणं निवडा, शक्यतो वेगवेगळ्या आकाराची, म्हणजे आवाज वेगळे येतात आणि कोणाचं कोणतं यावर भांडण होत नाही. मोठा बसला आणि धाकट्याने त्याचं झाकण ढकलून दिलं, तर अंतर दोन फरश्यांचं चार करा. दोनेक आठवडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, तर झाकणांपाशी त्याला एकटंच राहायचं असेल. हेही असतं, कधी कधी तो खेळ त्याची विश्रांती असतो. मग वहीत दुसरं काय सापडतं ते बघा: बादलीत पाणी ओतणं, पडद्याच्या कड्या सरकवणं, उशांवर पडणं. आठ-दहा दिवस एकही खूण नाही आणि अकराव्या दिवशी हात थांबतो, असंही मी बघितलं आहे. मोठ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी समजेल की गोष्ट खोटी होती.

यातून पुढे क्रिकेट येईल का, हे मी सांगू शकत नाही. आलंच तर ते "थप्! सोड" मधूनच येईल, कारण पाळीची वाट बघणं तिथे पहिल्यांदा घडतं. तोवर मोठ्याचं क्रिकेट त्याचं त्याला राहू द्या, आणि आठवड्यातून एकदा तुमच्यापैकी एकाने फक्त त्याच्याबरोबर बाहेर जा. सोमेश्वरला धबधब्यापर्यंत चक्कर मारा, नाहीतर त्याची मॅच बघायला मैदानाच्या कडेला बसा. त्या वेळात धाकट्याचा विषय त्याने काढला तर बोला, आपण काढू नका.

"नसता तर बरं झालं असतं" या वाक्यावरून त्याला रागावला नसाल अशी आशा आहे. रागावला असाल तर आज रात्री एवढंच सांगा की असं वाटू शकतं आणि ते मला सांगितलंस हे चांगलं केलंस. त्याबरोबर त्याची झोप उडाली असेल, शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखत असेल, मित्रांना घरी आणायचं तो टाळत असेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर गोष्टीवर थांबू नका. धाकट्याच्या थेरपिस्टकडूनच मुलांच्या समुपदेशकाचं नाव घ्या आणि मोठ्यासाठी वेगळी वेळ मागा.

आणि ती दोघं पहिल्यांदा शेजारी बसतील त्या दिवशी भात आधीच लावून घ्या. कुकर थंड झालेला असू द्या.